5.6 की 5.8? कैगाच्या तक्त्यावरचं समृद्धीकरणाचं गणित

बेळगावातल्या एका महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बीएस्सीच्या दोन विद्यार्थ्यांनी भित्तितक्ता केला होता. मुलगी खानापूर तालुक्यातली, मुलगा निपाणीचा. विषय जवळचाच: कैगा. बेळगावहून रामनगर, जोयडा, अणशी घाट करत कारवारकडं उतरलं की काळी नदीच्या काठाला हे अणुवीज केंद्र येतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी तिथं कामाला गेलेलं असतं. तक्त्यावर कैगाच्या शेजारी तमिळनाडूतलं कुडनकुलम अणुवीज केंद्र ठेवलं होतं आणि खाली तीन ओळी होत्या.

कैगात नैसर्गिक युरेनियम चालतं, त्यात युरेनियम-235 फक्त 0.711 टक्के. कुडनकुलमला 235 चं प्रमाण सुमारे 4 टक्क्यांपर्यंत वाढवलेलं, म्हणजे समृद्ध केलेलं युरेनियम लागतं. 4 भागिले 0.711 म्हणजे 5.6, म्हणून 1 किलो समृद्ध इंधनाला 5.6 किलो नैसर्गिक युरेनियम आणि 5.6 एकक मेहनत लागते.

पहिल्या दोन ओळी बरोबर आहेत. तिसरी चुकीची आहे, पण अशी चुकीची की सहज पकडता येत नाही. मुलानं समृद्धीकरणाला लागणाऱ्या मेहनतीचं प्रकाशित कोष्टक शोधून आणलं होतं आणि त्यात 4 टक्क्यांसमोर 5.8 च्या आसपासचा आकडा होता. "सर, जवळजवळ जुळतंय की!" तो म्हणाला. जुळत होतं खरं. हे जुळणं निव्वळ योगायोगाचं कसं, ते पुढं येईलच. त्याआधी 4 टक्के कशाला लागतात, हे बघावं लागतं.

युरेनियम-235 चा अणू मंद न्यूट्रॉन गिळून फुटतो तेव्हा सरासरी 2.4 नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यातल्या किमान एकानं पुढचा अणू फोडला तर साखळी टिकते. अडचण अशी की इंधनात शिरलेला प्रत्येक न्यूट्रॉन 235 लाच सापडत नाही. भोवती युरेनियम-238 ची गर्दी असते, आणि ते न्यूट्रॉन गिळून बहुधा गप्प बसतं. खुद्द 235 सुद्धा सातातला एखादा न्यूट्रॉन न फुटताच पचवतं. हे सगळं धरून हिशेब केला, तर नैसर्गिक युरेनियमनं शोषलेल्या एका मंद न्यूट्रॉनमागं साधारण 1.34 नवे मिळतात. म्हणजे साखळीसाठीचा एक वगळता हाती उरतात 0.34. मंद होता होता 238 नं मधेच पकडलेले, पाण्यानं गिळलेले, नळ्यांच्या धातूत गेलेले आणि अणुभट्टीबाहेर निसटलेले, असे सगळे न्यूट्रॉन या 0.34 मधूनच भागवायचे.

साध्या पाण्यात ते भागत नाही. पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनला झटकन मंद करतो, पण जाता जाता बरेच गिळतोही. जड पाण्यातलं ड्युटेरियम त्याच्या कित्येक शे पटींनी कमी गिळतं. कैगाच्या 220 मेगावॅटच्या चारही भट्ट्या जड पाण्यावर चालतात, म्हणून तिथं ती 0.34 ची शिल्लक पुरते. कुडनकुलममध्ये साधं पाणी आहे, तिथं शिल्लक वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता ही शिल्लक टक्क्यांबरोबर कशी वाढते ते पाहू. युरेनियम-235 एक टक्का केलं की 1.34 चे 1.50 होतात. 2 टक्क्यांना 1.74, 3 टक्क्यांना 1.85, 4 टक्क्यांना 1.90. पुढं 5 टक्क्यांवर गेलं तरी 1.93 च. सुरुवातीची चढण उभी आहे, नंतर माळरान लागतं. इंधनातलं 235 वाढत गेलं की न्यूट्रॉन गिळण्यात 238 चा वाटा नगण्य होतो, आणि मग आणखी 235 घालून फारसं काही सुधारायला उरत नाही. "काही टक्के" हा आकडा पहिल्यांदा इथून येतो.

मुलीनं इथं रास्त शंका काढली. शिल्लक दीड-दोन टक्क्यांतच एवढी वाढत असेल, तर तिथंच का थांबत नाहीत? नुसती साखळी पेटवायची असती तर थांबता आलं असतं. साध्या पाण्यात एक-दीड टक्क्याला ती जेमतेम पेटते. पण भट्टी पेटवून भागत नाही, तेच इंधन काही वर्षं आत ठेवायचं असतं. 235 जळत जातं आणि फुटलेल्या अणूंचे तुकडे मागं राहतात. त्यातला झेनॉनसारखा एखादा तुकडा न्यूट्रॉनचा हावरट असतो. थोडं 238 प्लुटोनियम होऊन जळायला हातभार लावतं, पण ते पुरत नाही. 4 टक्क्यांतला बराचसा भाग ही दीर्घ जळणाची शिदोरी असते. ताज्या इंधनात शिल्लक इतकी जास्त असते की ती दाबून ठेवायला पाण्यात बोरॉन आणि इंधनाच्या काही कांड्यांत गॅडोलिनियम घालावं लागतं.

कैगाकडं ही शिदोरी नाही. तिथल्या इंधनातून टनामागे साधारण 7,000 मेगावॅट-दिवस उष्णता निघते, तर 4 टक्क्यांच्या इंधनातून 45,000 च्या घरात. म्हणून कैगात भट्टी चालू असतानाच जुना गठ्ठा काढून नवा ढकलतात. त्याचा एक फायदाही होतो. इंधन बदलायला भट्टी बंद करावी लागत नाही. कैगाची पहिली भट्टी 2018 च्या 31 डिसेंबरपर्यंत सलग 962 दिवस चालली ती या व्यवस्थेमुळंच. तक्त्यावर तेव्हाचा हा विक्रम मोठ्या अक्षरांत होता, पण त्याचं कारण लिहायचं राहिलं होतं.

आता तिसऱ्या ओळीकडं वळू. 5.6 किलोतून 1 किलो, या गणितात एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे: नैसर्गिक युरेनियमातलं सगळं 235 वेचून काढलं आणि मागं उरलेल्या ढिगात काहीच राहिलं नाही. तसं होत नाही. 235 आणि 238 रासायनिकदृष्ट्या सारखेच, फरक फक्त वजनाचा. युरेनियमचा फ्लोरिनशी संयोग करून वायू बनवला की त्याच्या रेणूंची वजनं 349 आणि 352 होतात, म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळं वायू प्रचंड वेगानं फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजसारखं कुठलंही यंत्र एका फेरीत दोघांना वेगळं करू शकत नाही. एका बाजूचा वायू किंचित समृद्ध निघतो आणि दुसऱ्या बाजूचा किंचित निकृष्ट. अशा पायऱ्या जोडत गेलं की एका टोकाला 4 टक्क्यांचा माल जमतो आणि दुसऱ्या टोकाला 235 कमी झालेला उरलेला ढीग. या ढिगाला टेल्स म्हणतात, आणि त्यात 235 किती सोडायचं हे कारखान्यानं ठरवायचं असतं.

आपल्याकडच्या गुऱ्हाळावर घाण्यातून निघालेलं चिपाड पुन्हा घाण्यात घातलं तर थोडा रस आणखी निघतो, तिसऱ्यांदा घातलं तर त्याहून थोडा, पण इंजिनाला डिझेल प्रत्येक वेळी लागतंच. ऊस स्वस्त असेल तर चिपाडात थोडा रस राहू द्यावा, महाग असेल तर पिळून घ्यावं. टेल्सचा निर्णय याच जातीचा आहे.

टेल्समध्ये 0.25 टक्के सोडायचं ठरलं असं धरू. मालाचा ताळेबंद असा मांडता येतो: जेवढं 235 आत गेलं तेवढंच माल आणि टेल्स मिळून बाहेर यायला हवं. मालातल्या टक्क्यांतून टेल्सचे टक्के वजा करायचे, म्हणजे 3.75. नैसर्गिक युरेनियमातून टेल्सचे वजा करायचे, म्हणजे 0.461. भागाकार 8.13. एक किलो इंधनाला 8.13 किलो नैसर्गिक युरेनियम लागतं आणि 7.13 किलो टेल्स पडतं. पडताळाही लगेच घेता येतो: आत गेलेलं 235 सुमारे 57.8 ग्रॅम, मालात 40 ग्रॅम, टेल्समध्ये 17.8 ग्रॅम. जवळपास तिसरा हिस्सा ढिगातच राहिला. तक्त्यातले 5.6 किलो खरे करायचे तर हा हिस्सा शून्यावर आणावा लागेल.

त्याला किती मेहनत पडेल, हे मोजायला माप हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्या विचारातून एक माप तयार झालं. त्यामागची कल्पना अशी. यंत्रं दोन अणू एकमेकांपासून वेगळे करतात, म्हणजे मिश्रणाचा मिश्रपणा कमी करतात. तेव्हा प्रत्येक मिश्रणाला त्याच्या टक्क्यांवरून असा एक आकडा द्यायचा, की यंत्राच्या एका छोट्या पायरीनं त्या आकड्यांच्या बेरजेत पडणारी भर माल कुठल्या टक्क्यांवर आहे यावर अवलंबून राहू नये. ही अट घातली की सूत्र आपोआप ठरतं:

V(x) = (2x − 1) · ln(x / (1 − x))

इथं x हा 235 चा अंश आहे, म्हणजे 4 टक्क्यांना 0.04, आणि ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. निम्मं-निम्मं मिश्रण सगळ्यात जास्त मिसळलेलं, त्याचा आकडा शून्य. त्यापासून कुठल्याही बाजूला गेलं की आकडा वाढतो. प्रत्येकाचा आकडा त्याच्या किलोंनी गुणून बाहेर पडलेल्या सगळ्याची बेरीज, वजा आत आलेल्याची बेरीज, म्हणजे खर्च झालेली मेहनत. तिच्या एककाला सेपरेटिव्ह वर्क युनिट या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून स्वू म्हणतात.

आपल्या उदाहरणात नैसर्गिक युरेनियमचा आकडा 4.87 येतो, 4 टक्क्यांच्या मालाचा 2.92 आणि टेल्सचा 5.96. मुलं इथं चक्रावली: माल समृद्ध होऊनही आकडा खाली कसा? हा आकडा किंमत सांगत नाही. नैसर्गिक युरेनियम हे बरंच शुद्ध 238 आहे; त्याला 4 टक्क्यांवर आणणं म्हणजे एका अर्थी जास्त मिसळणं. ती भरपाई टेल्स करतं, कारण तो ढीग 238 च्या बाबतीत आणखी शुद्ध झालेला असतो. बेरीज करू. आत आलं: 8.13 किलो गुणिले 4.87, म्हणजे 39.61. बाहेर पडलं: मालाचे 2.92 आणि टेल्सचे 42.51, मिळून 45.44. फरक 5.83 स्वू. (किलोचे आकडे दोन दशांशांवर आणले आहेत, गुणाकार मात्र पूर्ण आकड्यांनी केला आहे. वहीत करताना हे सांभाळा, नाहीतर मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत चूक फुगते.)

म्हणजे कोष्टकातला 5.8 हा असा आला. मुलांचा 5.6 साध्या भागाकारातून आला होता. दोन्ही जवळ पडले, तेवढंच. योगायोग आहे की नियम, हे ओळखायला दुसऱ्या एखाद्या ठिकाणी दोन्ही रीती लावून बघाव्यात. 2 टक्क्यांच्या इंधनाला मुलांच्या रीतीनं 2.8 येतात, टेल्स तेच ठेवून सूत्रानं 1.92. इथंच फाटा फुटला. 2 टक्क्यांवरून 4 वर जाताना टक्के दुप्पट झाले, पण किलोमागची मेहनत तिप्पट झाली. त्याहून सोपी कसोटी म्हणजे काहीच न करण्याची. 0.711 टक्क्यांचंच इंधन हवं असेल तर मेहनत शून्य यायला हवी. सूत्रानं शून्यच येते. भागाकारानं 1 येतो. ही कसोटी पाहून मुलानं स्वतःच पेन्सिलीनं ती ओळ खोडली.

आणि टेल्समध्ये काहीच सोडायचं नाही असं ठरवलं तर? x शून्याकडं जाताना सूत्रातला लॉगॅरिदम अमर्याद वाढतो, म्हणजे मेहनत अमर्याद. तक्त्यातले 5.6 किलो कागदावरच राहणार. टेल्स 0.30 टक्क्यांवर सोडलं तर 9.00 किलो युरेनियम आणि 5.28 स्वू लागतात. 0.20 वर आणलं तर 7.44 किलो आणि 6.54 स्वू. दीड किलो युरेनियम वाचवायला सव्वा स्वू जास्त मोजावा लागतो. युरेनियम महाग आणि यंत्रं मोकळी असली की कारखाना टेल्स खाली ओढतो, उलट असलं की वर सोडतो. म्हणून स्वूचा आकडा सांगताना टेल्सचा आकडा सांगितला नसेल, तर तो अर्धवट आहे.

स्वू म्हणजे वीज, असा एक गैरसमज मुलाच्या वहीत होता. स्वू किलोत मोजतात, पण तो कुठल्याही वस्तूचं वजन नाही, आणि विजेचं मापही नाही. वीज किती लागेल हे यंत्रावर ठरतं. पडद्यांतून वायू दाबून गाळण्याच्या जुन्या पद्धतीत एका स्वूला सुमारे 2,400 युनिट वीज जायची; सेंट्रिफ्यूजला 50 च्या आसपास लागते. आपल्या एका किलोला सेंट्रिफ्यूजनं साधारण 290 युनिट झाली, जुन्या पद्धतीनं 14,000. तो किलो 45,000 मेगावॅट-दिवस प्रतिटन या दरानं जळाला आणि उष्णतेचा तिसरा हिस्सा वीज झाला, तर साडेतीन लाख युनिटांच्या वर मिळतात. म्हणजे सेंट्रिफ्यूजचा खर्च हजारातल्या एका भागाहूनही कमी, जुन्या पद्धतीचा शंभरातले जवळपास चार भाग. स्वू दोन्हीकडं तेच 5.83.

हे सगळं झाल्यावर तक्त्याचा मथळा अडचणीत आला. तिथं लिहिलं होतं की कुडनकुलमचं इंधन कैगापेक्षा सहापट किफायती. जळणाचे आकडे पाहिले तर 45,000 भागिले 7,000, म्हणजे सहापटीहून जास्तच. पण एक किलो समृद्ध इंधनामागं 8.13 किलो नैसर्गिक युरेनियम गेलेलं असतं. 45 मेगावॅट-दिवस 8.13 किलोंवर वाटले तर किलोला साडेपाच पडतात. कैगाला 7. खाणीतून निघालेल्या किलोचा हिशेब केला तर कैगा पुढं आहे, तेही एकही स्वू न वापरता.

मुलगी खूश झाली. गाव तिचं त्याच वाटेवरचं. पण एवढ्यावर कैगाला पदक देणं मला तरी पटलं नाही. समस्थानिकं वेगळी करण्याचं काम कैगाही करतंच, फक्त ते युरेनियमवर न करता पाण्यावर केलेलं असतं. साध्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या साडेसहा हजार अणूंमागं ड्युटेरियमचा जेमतेम एक अणू असतो, आणि भट्टीला 99.8 टक्क्यांच्या घरातलं जड पाणी लागतं. तिथं एक सोय आहे: ड्युटेरियमचं वजन हायड्रोजनच्या दुप्पट, त्यामुळं पायरीपायरीला फरक ठळक पडतो. शिवाय जड पाणी जळत नाही. एकदा भरलं की गळतीपुरतं आणि शुद्धता टिकवण्यापुरतं पाहावं लागतं. स्वू मात्र दर वर्षीचा. 3,000 मेगावॅट उष्णतेची भट्टी वर्षाचा नऊ-दशांश काळ चालली तर वर्षाला साधारण 22 टन इंधन लागेल, आणि त्यासाठी सव्वा लाखाहून जास्त स्वू आणि पावणेदोनशे टनांवर नैसर्गिक युरेनियम.

शेवटचा प्रश्न 5 टक्क्यांचा होता. साध्या पाण्याच्या भट्ट्यांचं बहुतेक इंधन आजवर 5 टक्क्यांच्या आतच का राहिलं? न्यूट्रॉनच्या शिल्लकेत त्यापुढं फार भर पडत नाही हे वर आलंच. जळण आणखी लांबवता येतं, पण मग कांडीचं वेष्टणच इतकी वर्षं टिकेल का हा प्रश्न उभा राहतो. शिवाय इंधन कारखान्यातली भांडी, वाहतुकीच्या पेट्या आणि साठवणीची अंतरं या सगळ्यांना परवाने बहुतेक ठिकाणी 5 टक्के धरून दिलेले असतात, कारण चुकून पाणी शिरलं तरी तिथं साखळी पेटता कामा नये. मर्यादा वाढवायची तर ही सगळी साखळी पुन्हा तपासावी लागते.

नव्या तक्त्यावर 5.6 हा आकडा ठेवला, पण त्याच्यापुढं "टेल्स शून्य, मेहनत अमर्याद" असं लिहून. त्याखाली 0.20, 0.25 आणि 0.30 टेल्सच्या तीन ओळी, प्रत्येकीत किलो आणि स्वू. कैगाच्या रकान्यात स्वूच्या जागी शून्य, आणि त्याला लागून जड पाण्याचा वेगळा रकाना. प्रदर्शनात सगळ्यात जास्त प्रश्न त्या शून्यावर आले.